गोळी, ठोकळा आणि दोन नियम

१७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्लिश गणितज्ञाने तोफखान्याच्या शास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. बंदुकीतून सुटलेल्या गोळीचा वेग कसा मोजायचा, याची युक्ती त्यात होती. सेकंदाचे अगदी बारीक तुकडे मोजणारी घड्याळे तेव्हा नव्हती. रॉबिन्सने एक जड लंबक टांगला, त्याच्या लाकडी पाटीवर गोळी झाडली आणि लंबक किती झुलला ते मोजले. त्यावरून मस्केटची गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते, हे आकड्यांत मांडता आले. पुढे ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने या पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले.

हा प्रयोग आज अकरावी-बारावीच्या गणितांत हमखास भेटतो आणि बरेच विद्यार्थी त्यात एकाच ठिकाणी घसरतात. सोपे आकडे घेऊ. गोळी १० ग्रॅमची. गोळी रुतल्यावर ठोकळ्याचे एकूण वजन २ किलो. ठोकळा उभ्या दोऱ्यांना टांगलेला आहे आणि गोळी घुसल्यावर तो २० सेंटिमीटर उंच जातो. गोळीचा वेग किती?

घाईत सुचणारे उत्तर असे: ऊर्जा नष्ट होत नाही, मग गोळीची गतिज ऊर्जा म्हणजेच ठोकळा वर चढण्याची ऊर्जा. २ किलो वजन २० सेंटिमीटर उचलायला सुमारे ४ ज्यूल लागतात (गुरुत्व त्वरण १० धरले आहे). १० ग्रॅमच्या गोळीत ४ ज्यूल असतील, तर तिचा वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर येतो. वेगवान गोलंदाजाचा चेंडू याहून जोरात येतो! उत्तर चुकले आहे हे इथेच कळते. चूक गुणाकार-भागाकारात नसून नियम निवडण्यात आहे.

खरे तर इथे एकामागून एक दोन वेगळ्या घटना घडतात. पहिली, गोळी लाकडात घुसून थांबते. ती ५ सेंटिमीटर आत गेली असे धरले, तर याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात ठोकळा अर्धा मिलिमीटरही सरकलेला नसतो. दोऱ्या अजून उभ्याच असतात, त्यामुळे त्यांचा ताण आडव्या दिशेने काही करू शकत नाही. गोळी आणि ठोकळा यांना आडवे ढकलणारे बाहेरचे कोणी नाही, म्हणून या टप्प्यात आडवा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, कायम राहतो. गतिज ऊर्जा मात्र राहत नाही. लाकडाचे तंतू फाटणे, शिसे चेपणे, उष्णता, आवाज यांत ती खर्च होते. टकरीनंतर दोन्ही वस्तू एकत्र जातात, म्हणून ही पूर्णपणे अस्थितिस्थापक टक्कर.

दुसरी घटना म्हणजे झोका. आता परिस्थिती नेमकी उलटी होते. दोऱ्या तिरप्या होतात, त्यांचा ताण ठोकळ्याला मागे ओढतो आणि सर्वांत वरच्या बिंदूला संवेग शून्य होतो. इथे संवेग टिकवायला गेलो तर फसलो. पण ताण नेहमी हालचालीला काटकोनात असल्यामुळे तो कार्य करत नाही. हवेचा विरोध सोडला, तर या टप्प्यात ऊर्जा टिकते.

म्हणून हिशेब शेवटाकडून करायचा. २० सेंटिमीटर उंची गाठायला ठोकळा तळाशी सेकंदाला २ मीटर वेगाने निघायला हवा. तेव्हा संवेग होता २ गुणिले २, म्हणजे ४. तोच आधी ०.०१ किलोच्या गोळीचा होता. म्हणजे गोळीचा वेग सेकंदाला ४०० मीटर. तिच्याकडे ८०० ज्यूल होते आणि झोक्यात पोचले फक्त ४. ऊर्जेचा ९९.५ टक्के भाग ठोकळ्यातच जिरला.

दोऱ्यांऐवजी ठोकळा खिळीवर फिरणाऱ्या कडक दांड्याला बसवला, तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. टकरीच्या क्षणी खिळीही दांड्याला आडवा धक्का देऊ शकते. मग सरळ संवेग टिकेलच असे नाही. अशा वेळी खिळीभोवतीचा कोनीय संवेग वापरायचा, कारण खिळीच्या धक्क्याला खिळीभोवती वळवण्याची ताकद नसते.

आता दोन्ही वस्तू चिकटल्याच नाहीत तर? कॅरम घेऊ. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर सेकंदाला ४ मीटर वेगाने ५ ग्रॅमच्या सोंगटीवर समोरासमोर आदळतो. टकरीच्या क्षणापुरते बोर्डचे घर्षण विसरता येते, म्हणून संवेग टिकतो. पण स्ट्रायकर आणि सोंगटी यांचे वेग हे दोन अज्ञात आहेत आणि समीकरण एकच. दुसरे कुठून आणायचे? ऊर्जा टिकते असे धरले, तर सोंगटीला ६ आणि स्ट्रायकरला २ मीटर वेग मिळतो. पण ही आदर्श, पूर्णपणे स्थितिस्थापक टक्कर झाली. खऱ्या टकरीत थोडी ऊर्जा जाते आणि किती जाते हे संवेगाचा नियम सांगत नाही. ते त्या वस्तूंनाच विचारावे लागते.

न्यूटनने नेमके तेच केले. लंबकाला टांगलेले गोळे एकमेकांवर आपटून त्याने पाहिले, की दूर जाण्याचा वेग हा जवळ येण्याच्या वेगाचा ठरावीक हिस्सा असतो. घट्ट गुंडाळलेल्या लोकरीच्या गोळ्यांसाठी हा हिस्सा ५/९, काचेसाठी १५/१६. या हिश्शाला e म्हणतात. चिकटणाऱ्या टकरीत तो ०, आदर्श टकरीत १ आणि बाकी सगळे व्यवहार या दोहोंच्या मधले. हेच दुसरे समीकरण.

आपल्या सोंगटीसाठी e ०.८ मानू. टकरीनंतर दोघांच्या वेगांतला फरक ४ च्या ०.८ पट, म्हणजे ३.२ हवा. संवेगाचे समीकरण जोडले की सोंगटीला ५.४ आणि स्ट्रायकरला २.२ मीटर वेग मिळतो. पडताळा: १५ गुणिले २.२ अधिक ५ गुणिले ५.४ म्हणजे ६०, टकरीपूर्वी होता तेवढाच.

ऊर्जेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. ग्रॅममध्येच मोजले तर सुरुवातीला ऊर्जा १२० होती. स्ट्रायकर आणि सोंगटी अगदी चिकटून गेली असती, तरी ९० उरली असती, कारण संवेग टिकवायचा तर दोघांना मिळून पुढे जावेच लागते. म्हणजे पणाला लागलेली ऊर्जा फक्त ३०. त्यातला e च्या वर्गाइतका हिस्सा, ०.६४, परत मिळतो आणि ३६ टक्के, म्हणजे १०.८ जाते. गोळीच्या प्रयोगात ९९.५ टक्के ऊर्जा गेली, ती ठोकळा खूप जड होता म्हणून. इथे जड वस्तू हलकीवर आदळली, म्हणून चिकटूनही चौथाईच जाते.

e घरीही मोजता येतो. चेंडू फरशीवर १ मीटरवरून सोडा. तो ६४ सेंटिमीटर उसळला, तर ०.६४ चे वर्गमूळ, ०.८, हा त्या चेंडूचा आणि फरशीचा मिळून e. एकट्या चेंडूचा e नसतो. शिवाय तो वेगावरही अवलंबून असतो. जोरात आपटल्यावर वस्तू कायमची चेपू लागली की e घटतो. म्हणून हळू टकरीत मोजलेला आकडा जोरदार टकरीला लावताना जपून.

उत्तर हाती आले, की e आणि ऊर्जा दोन्ही तपासा. टकरीनंतरची गतिज ऊर्जा आधीपेक्षा जास्त आली किंवा e १ च्या वर गेला, तर एकतर हिशेबात चूक आहे किंवा स्प्रिंग, दारू यांसारखे काहीतरी आतून ऊर्जा देत आहे. आणि सगळी ऊर्जा टिकली असे उत्तर आले, तर ते आपण न विचारता गृहीत धरले होते का, हे एकदा मागे जाऊन पाहा.