‘पंपाला ३० टाक’ : द्राक्षगटातले निरोप पुनर्लेखनाला देण्यापूर्वी

द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप गटात गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत जे निरोप जमतात, त्यांत एका हंगामाचे निम्मे शहाणपण असते. कुठल्या दिवशी पाऊस झाला, त्यानंतर काय फवारले, कशाने फरक पडला आणि कशाने नाही, हे तिथे घडत असतानाच लिहिलेले असते. गावचा बागायतदार गट अशा निरोपांतून पुढच्या हंगामासाठी प्रश्नोत्तरांची पुस्तिका काढायची ठरवतो, तेव्हा चारपाच जण मिळून ते निरोप नीट मराठीत लिहायला बसतात. हल्ली त्यातला काही भाग संगणकावरच्या भाषाप्रारूपाकडेही सोपवला जातो. लिहिणारे कोणीही असोत, आधी तयारी झाली नसेल तर एकाच रोगाला एका पानावर ‘डाऊनी’, दुसऱ्यावर ‘केवडा’ आणि तिसऱ्यावर ‘बुरशी’ म्हटलेले सापडते. एकाचा सबुरीचा सल्ला दुसऱ्याच्या हातून हुकूम होतो. हे टाळण्यासाठी पुनर्लेखकाच्या हाती निरोपांबरोबर चार गोष्टी द्याव्या लागतात : संदर्भ, वाचक कोण ते, शब्दसूची आणि सुराचे नियम.

संदर्भाची सुरुवात तारखेपासून होते. गटातली बोलणी फाईल म्हणून बाहेर काढली, की अँड्रॉइड फोनवर प्रत्येक ओळ साधारण अशी दिसते :

```
12/11/24, 9:14 pm - शेतकरी-7: काल रात्रभर रपरप चालू होता. 38 वा दिवस.
```

ही तारीख १२ नोव्हेंबर की ११ डिसेंबर? फोनची तारखेची मांडणी भारतीय आहे की अमेरिकी, यावर ते ठरते. ‘३८ वा दिवस’ म्हणजे छाटणीनंतरचा ३८ वा दिवस, पण तेवढ्याने कोडे सुटत नाही. ५ ऑक्टोबरची छाटणी धरली तर १२ नोव्हेंबर येतो, ३ नोव्हेंबरची धरली तर ११ डिसेंबर, आणि दोन्ही छाटण्या खऱ्या असू शकतात. उत्तर फाईलमध्येच असते. पहिला आकडा १२ पेक्षा मोठा असलेली एखादी ओळ शोधावी. 25/11/24 अशी ओळ सापडली, की आधी दिवस आणि मग महिना हे पक्के होते. मग सगळ्या ओळींवर एकाच पद्धतीची तारीख घालावी आणि ‘काल’, ‘परवा’, ‘अमावस्येला’ यांच्यापुढे कंसात खरी तारीख लिहावी.

‘३८ वा दिवस’ कुठल्या छाटणीपासून, हाही संदर्भाचाच भाग. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी किंवा फळछाटणी. गोडी छाटणीनंतर ३८ व्या दिवशी बाग फुलोऱ्याच्या आसपास असते. खरड छाटणीनंतर त्याच दिवशी वेलीवर नुसती काडी आणि पाने असतात. गटातले कोणी हे लिहीत नाही, कारण प्रत्येकाला ते ठाऊक असते. पुनर्लेखकाला ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक निरोपापुढे छाटणी, दिवस आणि गाव किंवा तालुका असे तीन रकाने भरून द्यावेत.

तिसरी काळजी साखळीची. ‘हो, तेच मारा’ हा निरोप एकटा उचलला तर त्याला काही अर्थ उरत नाही. प्रश्न आणि त्याची सगळी उत्तरे एका क्रमांकाखाली बांधावीत आणि पुनर्लेखनाला ती गाठोडी एकसंध द्यावीत. नावे आणि फोन क्रमांक याच वेळी काढून टाकावेत. ‘अण्णा’, ‘दादा’, ‘भाऊ’ ही संबोधने मात्र आंधळेपणाने पुसू नयेत. ‘अण्णांनी सांगितलं तसं’ यातले अण्णा कोण, हे आधी ठरवून तिथे ‘उत्तर क्र. २ मध्ये सांगितल्याप्रमाणे’ असे लिहावे.

वाचकाबद्दल दोनच ओळी पुरतात, पण त्या नेमक्या हव्यात. ‘सर्वसामान्य शेतकरी’ असे लिहिल्याने काही ठरत नाही. ‘दोनतीन हंगाम बाग केलेला, मराठी वाचणारा, कृषी पदविका नसलेला बागायतदार’ असे लिहिले, की ‘ओलांडा’ समजावून सांगायची गरज नाही आणि ‘काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ’ समजावून सांगायची आहे, हे आपोआप स्पष्ट होते.

खरी रंगत शब्दसूचीत आहे. द्राक्षबागेची बोली अतिशय नेमकी आहे आणि बाहेरच्या माणसाला हमखास चकवते. ‘पाणी उतरलं’ हे वाचून शहरातला पुनर्लेखक शेतातले साचलेले पाणी ओसरले असे लिहून मोकळा होतो. बागेत त्याचा अर्थ मणी मऊ पडून त्यात गोडी भरू लागली, असा आहे. ‘घड जिरला’ म्हणजे पाऊस आणि ढगाळ हवेच्या दिवसांत कोवळ्या घडाची बाळी झाली. गळ आणि कूज या दोन तक्रारी फुलोऱ्याच्या पावसात जोडीने येतात, म्हणून बोलण्यात त्यांचा ‘गळकूज’ असा एकच शब्द होतो. ‘पेस्ट केली’ यात गोंदाचा संबंध नाही. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावले, असा त्याचा अर्थ. अशा शब्दांचा प्रमाण मराठीत अनुवाद करण्याचा मोह आवरावा. वाचक बागायतदार आहे, त्याला ‘पाणी उतरणे’ हेच कळते, तेव्हा सूचीत अर्थ पुनर्लेखकासाठी लिहावा आणि पुस्तिकेत शब्द तसाच ठेवावा.

म्हणून सूचीला ‘शब्द आणि अर्थ’ असे दोन रकाने पुरत नाहीत, चार लागतात : गटात कसे लिहितात, त्याचा अर्थ काय, पुस्तिकेत कसे लिहायचे आणि कसे लिहायचे नाही. ‘डाऊनी, डावनी, दावण्या’ हे सगळे पहिल्या रकान्यात येतात. तिसऱ्यात एकच : ‘डाऊनी (केवडा)’ पहिल्या वेळी आणि पुढे नुसते ‘डाऊनी’. चौथ्यात ‘बुरशी’, कारण भुरीसुद्धा बुरशीच आहे आणि तिचा बंदोबस्त वेगळा आहे. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात, पण निम्म्या चुका तोच अडवतो.

वाणांच्या नावांवर वेगळे पान खर्च करावे. सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेला तास-ए-गणेश गटात ‘तास’, ‘गणेश’, ‘टीएजी’ अशा नावांनी भेटतो. सोलापुरातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी पुढे आणलेला सोनाका ‘सोनाक्का’, ‘सोनका’ असा लिहिला जातो. माणिक चमन नुसता ‘माणिक’ होतो. हे वाण बागायतदारांनी स्वतःच्या बागेत वेगळी काडी ओळखून वाढवले आहेत. त्यांची नावे चुकीची छापणे पुस्तिकेला शोभत नाही, आणि त्यात व्यवहाराचाही धोका आहे. ‘गणेश’ हे डाळिंबाच्याही प्रसिद्ध वाणाचे नाव आहे. दोन्ही पिके घेणाऱ्या शेतकऱ्याच्या निरोपात कुठला गणेश, हे शेजारचे निरोप वाचूनच ठरवावे लागते.

मग मापे. ‘पंपाला ३० टाक’ या वाक्यात दोन गोष्टी गाळलेल्या आहेत. ३० काय, ग्रॅम की मिली? आणि पंप किती लिटरचा? १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपात ३० ग्रॅम म्हणजे लिटरला २ ग्रॅम, आणि २० लिटरच्या पंपात तेच दीड ग्रॅम. ब्लोअरच्या टाक्या तर वेगवेगळ्या मापांच्या असतात. उलट ‘पीपीएम’मध्ये लिहिलेला आकडा पक्का असतो : १० पीपीएम जीए म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, २०० लिटरच्या बॅरलला २ ग्रॅम शुद्ध घटक. येथे ‘शुद्ध’ हा शब्द गाळला की हिशेब बिघडतो, कारण बाजारातल्या पुडीत शुद्ध घटक पूर्ण १०० टक्के नसतो. सूचीत नियम सरळ लिहावा : संदेशात नसलेले माप पुनर्लेखकाने भरू नये, तिथे ‘[तपासा]’ असे लिहून पुढे जावे. ते रिकामे माप जाणकाराने, औषधाच्या लेबलवरून, शेवटी भरायचे असते.

सुराचे नियम लिहिताना ‘सोपी, आपुलकीची भाषा’ एवढ्याने भागत नाही, कारण प्रत्येकाची आपुलकी वेगळी असते. ‘वाचकाला तुम्ही म्हणा. वाक्य आज्ञार्थी ठेवा : फवारा, थांबा, बघा. “मारा” टाळा, “फवारा” लिहा’ एवढे स्पष्ट हवे. सर्वांत जपायचा नियम खात्रीचा आहे. ‘मारून बघा, आमच्याकडे फरक पडला’ हा अनुभव आहे. ‘लेबलवर लिहिलंय, इतक्या दिवसांत काढणी नको’ ही नोंद आहे. ‘मला वाटतं आता उशीर झाला’ हा अंदाज आहे. नीटनेटके लिहिण्याच्या ओघात ‘बघा’, ‘वाटतं’, ‘आमच्याकडे’ हे शब्द सगळ्यांत आधी गळतात आणि तिन्ही वाक्ये सल्ला होऊन बसतात. म्हणून प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला ‘एका बागायतदाराचा अनुभव’, ‘लेबलनुसार’ किंवा ‘एकाचा अंदाज’ यांपैकी एक ठरलेला शब्दप्रयोग यावा, असा नियम करावा. नियमाखाली मूळ आणि बदललेले असे दोन नमुने जोडावेत. लांबलचक सूचनेपेक्षा पुनर्लेखक नमुन्यावरून लवकर शिकतो.

नमुन्यादाखल एक गाठोडे घेऊ. प्रश्न : ‘अण्णा काल रात्रभर रपरप चालू होता. ३८ वा दिवस. खालच्या पानावर तेलकट ठिपके दिसताय, घडावर नाही. एम-४५ कालच मारलं होतं, धुवून गेलं का? परत मारू का’. उत्तर : ‘धुवून गेलंच. पंपाला ३० टाक पण ढग असेल तर थांब. आमच्याकडे मागच्या साली असंच झालं होतं’. रकान्यांत छाटणी गोडी, तारीख १२ नोव्हेंबर. ‘घडावर नाही’ या शब्दांनी छाटणीची खातरजमा होते, कारण खरड छाटणीच्या बागेत या वेळी घडाचा प्रश्नच येत नाही. सूचीप्रमाणे एम-४५ म्हणजे मॅन्कोझेब. ते पानाच्या पृष्ठभागावर राहणारे बुरशीनाशक असल्याने धुवून जाण्याची शंका रास्त आहे. शेतकऱ्याने रोगाचे नाव घेतलेले नाही, तेव्हा पुनर्लेखकानेही ‘डाऊनी’ लिहायचे नाही. तेलकट ठिपके त्याकडे बोट दाखवतात खरे, पण निदान जाणकार करील.

लिहून झाल्यावर ते असे दिसते : ‘प्रश्न : गोडी छाटणीनंतर ३८ व्या दिवशी रात्रभर पाऊस झाला. त्याच दिवशी मॅन्कोझेब फवारले होते. खालच्या पानांवर तेलकट ठिपके आहेत, घडांवर नाहीत. फवारणी पुन्हा करावी का? एका बागायतदाराचा अनुभव : मागच्या हंगामात असेच झाले होते. त्यांच्या मते पावसात औषध धुवून गेले आहे. त्यांनी पंपाला ३० [एकक आणि पंपाची क्षमता तपासा] असे प्रमाण सांगितले. आभाळ असेल तर थांबा, असेही ते म्हणतात.’ बारकाईने पाहिले तर यातही एक घसरण आहे. ‘३८ व्या दिवशी रात्रभर पाऊस झाला’ हे चूक, कारण पाऊस ‘काल रात्री’चा, म्हणजे ३७ व्या दिवसाचा. तारखेचा कंस आधी भरला असता तर ही चूक झालीच नसती.

सगळे निरोप एकदम वाटू नयेत. आधी तीच वीसेक गाठोडी दोघांना स्वतंत्रपणे लिहायला द्यावीत आणि शेजारी ठेवून वाचावीत. जिथे दोघांचे जुळत नाही, तिथे चूक बहुधा माणसाची नसते, सूचनेत काही राहिलेले असते. त्यातून सूचीत ओळ किंवा सुरात नियम वाढतो. त्यानंतर सूचनांना क्रमांक द्यावा, आणि मध्येच शब्द बदलला तर आधी लिहिलेल्या पानांतही तो शोधून बदलावा. पुढच्या प्रत्येक वाटपात जुनी चारपाच गाठोडी गुपचूप मिसळून द्यावीत. ती पूर्वीसारखी उतरली नाहीत, तर लिहिणाऱ्याचा हात सूचनेवरून सरकला आहे, हे लगेच कळते.

भाषाप्रारूपाला काम देताना हाच कागद चालतो, मात्र दोन पथ्ये जास्तीची. नव्या संभाषणात मागची सूची हाताशी असेलच असे नाही, म्हणून ती प्रत्येक वाटपाबरोबर पुन्हा द्यावी. वाटप लहान ठेवावे आणि गाठोड्यांचे क्रमांक जुळवून पाहावेत, कारण लांब यादीच्या शेवटाकडे दोन निरोप एकत्र होतात किंवा एखादा गळतो. वाक्य सफाईदार उतरले म्हणून विश्वास टाकू नये. संदेशात नसलेले ‘ग्रॅम’ आणि ‘१५ लिटर’ तिथे अगदी सहज येऊन बसतात. तपासणाऱ्याने पुस्तिकेतला प्रत्येक आकडा मूळ निरोपात बोट ठेवून दाखवायचा, आणि जो दाखवता येत नाही तो छापायचा नाही.