चार पाहुणे, एक तास आणि न्यूयॉर्कचं घड्याळ

फेस्टचं पॅनेल डिस्कशन ठरलं की पाहुण्यांना पहिला मेसेज जातो, ‘सर, तुम्हाला कधी वेळ आहे?’ आणि इथेच गाडी अडकते. चार जण चार वेगळ्या वेळा सांगतात, आठवडा त्यातच जातो. त्यापेक्षा ज्यांची वेळ मिळणं सगळ्यात कठीण, त्यांना आधी नेमके तीन पर्याय द्या. त्यातल्या ज्या दोन वेळांना ते हो म्हणतील, तेवढ्याच बाकीच्यांना विचारा.

समजा, पुण्यातल्या एका कॉलेजचं ऑनलाइन पॅनेल शनिवारी, १४ मार्च २०२६ला आहे. तीन वक्ते इथलेच, चौथी माजी विद्यार्थिनी न्यूयॉर्कमध्ये. रिहर्सल कॉल ५ मार्चला, आपल्या संध्याकाळी साडेसातला. तिच्याकडे तेव्हा सकाळचे नऊ. कॉल संपताना ती म्हणते, ‘शनिवारीही हीच वेळ ना? डन!’

पण ‘हीच’ म्हणजे कुणाची? ८ मार्चला तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, आपली नाही. साडेदहा तासांचा फरक साडेनऊवर येतो. तिने नऊच धरले, तर ती आपल्या साडेसहालाच लिंकवर येऊन बसणार, आणि पोस्टरवर तर साडेसात छापलेत! म्हणून निमंत्रणात दोन्ही वेळा तारखेसकट लिहा: भारतात संध्याकाळी ७.३०, न्यूयॉर्कमध्ये सकाळी १०. आणि तिला दहाची वेळ जमतेय ना, हेही विचारा. कॅलेंडर इनव्हाइट पाठवलंत तर ते तिच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवतं, फक्त ते बनवताना टाइम झोन भारताचा निवडलेला हवा.

रिहर्सलला अर्धा तास पुरतो. त्यात उत्तरं घोटून घेऊ नका, नाहीतर खऱ्या दिवशी सगळे पाठ केल्यासारखे बोलतात. पाहुणे त्या दिवशी जिथून आणि ज्या लॅपटॉपवरून बोलणार आहेत, तिथूनच त्यांना जॉइन व्हायला सांगा. आवाज घुमतो का, स्लाइड शेअर होतात का, हे तेव्हाच कळतं. नेट गेलं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, तेही तिथेच ठरवा.

मॉडरेटरचं ब्रीफिंग मात्र वेगळं घ्या, पाहुण्यांशिवाय. कारण त्यात ‘अमुक सर लांबण लावतात, त्यांना कुठे थांबवायचं?’ हे मोकळेपणाने बोलावं लागतं. साठ मिनिटांचा हिशोब त्याच्या हातातल्या एका कागदावर असू द्या. ओळखीला पाच, प्रत्येक वक्त्याला पाच म्हणजे वीस, आपसातल्या चर्चेला वीस, प्रेक्षकांच्या प्रश्नांना पंधरा. सुरुवातीला एकेकाने तीन मिनिटं जास्त घेतली तरी बारा मिनिटं गेली, आणि ती जवळपास नेहमी प्रेक्षकांच्याच वाट्यातून जातात. म्हणून चार मिनिटं झाली की वक्त्याला चॅटवर ‘एक मिनिट’ असा खासगी मेसेज जाईल, हे रिहर्सलमध्येच सगळ्यांना सांगून ठेवा. आधी माहीत असलं की त्या मेसेजचा राग कुणालाच येत नाही.