‘दाखवते’ म्हणजे नेमकं काय करते?

काही समीक्षात्मक निबंध वाचताना कुठेच अडखळायला होत नाही. वाक्यं सफाईदार, शुद्धलेखन चोख, परिच्छेद जिथल्या तिथे. पण लिहिणाऱ्याचं त्या कलाकृतीबद्दल म्हणणं काय, असं विचारलं तर उत्तर देता येत नाही. अशा निबंधाच्या क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ ओढून पाहावी. ‘दाखवते’, ‘अधोरेखित करते’, ‘प्रकाश टाकते’, ‘प्रभावी चित्रण करते’ एवढ्यांवरच सगळा डोलारा उभा असतो.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावरचा नमुन्यादाखल रचलेला हा परिच्छेद घेऊ: ‘हे नाटक समाजातील दांभिकतेवर प्रकाश टाकते. खोट्या खटल्यातून स्त्रीवर होणारा अन्याय दाखवला आहे. शेवटची शिक्षा समाजाची क्रूरता अधोरेखित करते आणि बेणारेचे स्वगत तिची व्यथा प्रभावीपणे दाखवते.’

यात चूक एकही नाही, आणि तीच अडचण आहे. पहिल्या वाक्यात १८९९च्या ‘संगीत शारदा’चं नाव घातलं तरी ते तितकंच खरं ठरेल. दुसऱ्या नाटकाला जसंच्या तसं लागू पडणारं वाक्य या नाटकाबद्दल काहीच सांगत नाही.

क्रियापद बदलायचं तर शब्दकोश नव्हे, संहिता उघडावी लागते. खोटा खटला काय ‘करतो’? हौशी नाटक मंडळी एका गावी प्रयोगाला आली आहेत. वेळ घालवायला आणि नवख्या सामंतला रीत कळावी म्हणून लुटुपुटूचा खटला उभा राहतो आणि शिक्षिका असलेली लीला बेणारे आरोपी होते. हळूहळू प्रश्न तिच्या खऱ्या आयुष्याकडे वळतात. ती हरकत घेऊ लागते, पण हा तर खेळच आहे म्हणून तिला गप्प बसवता येतं. म्हणजे खटला अन्याय नुसता दाखवत नाही, तो मंडळींना आडोसा देतो. सुधारलेलं वाक्य असं होईल: ‘लुटुपुटूचा खटला मंडळींना खेळाचा आडोसा पुरवतो आणि त्याआडून ती बेणारेच्या खासगी आयुष्याची झडती घेतात.’ ‘पुरवतो’ आणि ‘झडती घेतात’ ही क्रियापदं आली की पुरावा द्यावाच लागतो, आणि तो हाताशी आहे: सामंत आपली साक्ष चक्क एका कादंबरीच्या आधाराने रचतो, तरीही मंडळी तोच धागा पकडून पुढे जातात.

शिक्षेचं वाक्य तर याहून हलक्या हाताने लिहिलेलं आहे. बेणारेवरचा आरोप भ्रूणहत्येचा. न्यायाधीश झालेला काशीकर निकाल देतो तो तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याचा. इतकी जबरदस्त विसंगती समोर असताना ‘क्रूरता अधोरेखित करते’ लिहिणं म्हणजे ती न पाहताच पुढे जाणं. त्याऐवजी: ‘ज्या कृत्याचा आरोप ठेवला, तेच कृत्य कोर्ट शिक्षा म्हणून फर्मावतं आणि आपल्याच नैतिक दाव्याला सुरुंग लावतं.’ आता वाचक सहमत होईल किंवा वाद घालील. ‘अधोरेखित’शी वाद घालायला जागाच नव्हती.

स्वगतापाशी मात्र सावध राहायला हवं, कारण इथे जोरकस क्रियापदाचा मोह होतो. ‘बेणारे व्यवस्थेविरुद्ध बंड करते’ हे वाक्य झोकदार आहे, पण टिकत नाही. कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं. ती दीर्घ बोलते तेव्हा बाकीची पात्रं निश्चल असतात आणि नंतर खटला ती बोललीच नसल्यासारखा पुढे सरकतो. जे कोणी ऐकलंच नाही, त्याला त्या कोर्टातलं बंड कसं म्हणायचं? ‘कबुली देते’ हेही अपुरं, कारण ती स्वतःच्या देहाबद्दल नुसतं कबूल करत नाही, युक्तिवाद करते. म्हणून: ‘बेणारे आपली बाजू मांडते, पण कोर्टापुढे नाही, प्रेक्षकांपुढे, ज्यांच्यापुढे ती आरोपी आहे त्यांच्यापर्यंत तिचा शब्द पोचत नाही.’ ‘मांडते’ हे साधंच क्रियापद आहे. नेमकेपणा आला तो ‘कोणापुढे’ याचं उत्तर दिल्याने. क्रियापद तेच राहून त्याचा कर्ता, कर्म किंवा श्रोता स्पष्ट झाला तरी अनेकदा काम भागतं.

‘दाखवणे’ हद्दपार करायचं कारण नाही. पात्रं थिजलेली दाखवली आहेत, असं लिहिताना तेच योग्य आहे. रंगमंचावर ते खरोखर डोळ्यांना दिसतं. पण त्यामुळे काय घडतं, हे सांगायला पुढचं वाक्य लागतं, आणि कच्च्या निबंधात नेमकं तेच गायब असतं.

राहिलं पहिलं वाक्य, दांभिकतेवर प्रकाश टाकणारं. बाकीची तिन्ही दुरुस्त झाल्यावर ते कितीही घासूनपुसून पाहा, त्याच्याजवळ सांगायला काही उरत नाही. त्याला नवं क्रियापद शोधत बसू नये. ते खोडावं आणि परिच्छेद ‘लुटुपुटूचा खटला’पासून सुरू करावा.