शिकागोत न दिसणारी चूक

समजा, पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या एका कापडदुकानात दुकानदारानं ब्राउझरमधल्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बिलावर १ एप्रिल २०२५ तारीख टाकली, सेव्ह केलं, आणि यादीत बिल ३१ मार्चचं दिसलं. फरक एकाच दिवसाचा, पण बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात गेलं! त्यानं सपोर्टला कळवलं, ‘तारीख चुकतेय.’ हिंजवडीच्या सपोर्टकडून तक्रार शिकागोच्या डेव्हलपरकडे गेली. उत्तर आलं, ‘आमच्याकडे बरोबर चालतंय.’ गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

हा गुंता अर्ध्या मिनिटाच्या स्क्रीन रेकॉर्डिंगनं सुटतो. फक्त ते नीट करायला हवं. ब्राउझरमध्ये `F12` दाबून `Network` उघडं ठेवायचं आणि मग रेकॉर्डिंग सुरू करायचं. ते शक्यतो पूर्ण स्क्रीनचं असावं, कारण नुसत्या एका टॅबचं केलं तर तारीख निवडायचं छोटं कॅलेंडर बऱ्याचदा व्हिडिओत येतच नाही, आणि इथे सगळा खेळ तर त्याचाच आहे. कोपऱ्यातलं घड्याळही दिसू द्यावं. खऱ्या गिऱ्हाइकाऐवजी चाचणीचं खातं वापरावं आणि नोटिफिकेशन बंद करावीत, नाहीतर ऐन वेळी कुणाचा तरी ओटीपी पडद्यावर झळकतो. मग माउस सावकाश नेऊन १ एप्रिलवर क्लिक करायचं, क्षणभर थांबायचं, सेव्ह करायचं, आणि `Network` मधल्या त्या विनंतीवर क्लिक करून काय पाठवलं गेलं ते दाखवायचं. बोलायचं असेल तर एवढंच: ‘१ एप्रिल हवी होती, ३१ मार्च आली.’ कारण काय असावं याचे तर्क नकोत.

आता व्हिडिओ तिथेच थांबवून पाहा. पाठवलेल्या मजकुरात `18:30` दिसतं, आणि जाणकाराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. पुण्यात १ एप्रिल सुरू होताना, म्हणजे मध्यरात्री १२ वाजता, जागतिक वेळेत ३१ मार्चच्या संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात.

```
new Date(2025, 3, 1).toISOString()
// 2025-03-31T18:30:00.000Z
```

(इथे महिने शून्यापासून मोजतात, म्हणून ३ म्हणजे एप्रिल.) सर्व्हरनं यातली पहिली दहा अक्षरं तारीख म्हणून ठेवली की झालं. शिकागो मात्र जागतिक वेळेच्या मागे आहे. तिथल्या मध्यरात्री जागतिक वेळेत पहाटेचे पाच वाजलेले असतात, पण तारीख तीच. त्यामुळे तिथे कितीही वेळा करून पाहिलं तरी ही चूक दिसणारच नाही. मला या व्हिडिओचं नवल वाटतं ते यासाठी: दुकानदाराला जे सांगायचं सुचलंही नसतं, तेच त्यात टिपलेलं असतं.

डेव्हलपरनं आपल्या संगणकाचा टाइमझोन `Asia/Kolkata` केला की चूक त्याच्याही समोर येते. दुरुस्तीनंतर त्याच पायऱ्यांचा दुसरा व्हिडिओ दुकानदाराला पाठवता येतो. आधीची किती बिलं एक दिवस मागे सरकली आहेत, ते मात्र कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही. त्यासाठी डेटाबेस उघडून जुन्या नोंदी तपासाव्या लागतात.