हप्ता भरल्याचा दाखला आणि प्राप्तिकराची वजावट

आर्थिक वर्ष संपत आले की विमा प्रतिनिधी आपल्या ग्राहकांना दोन गोष्टी पाठवतो : वर्षभरात भरलेल्या हप्त्यांचा दाखला आणि त्यावर कोणती करसवलत मिळते हे सांगणारी टिपण बोलीतली चिठ्ठी. दाखल्यावर पॉलिसी क्रमांक, विमाधारकाचे नाव, हप्ता भरल्याच्या तारखा आणि एकूण रक्कम असते. ही एकूण रक्कम म्हणजेच वजावटीची रक्कम, असे बहुतेक ग्राहक धरून चालतात. विवरणपत्रातल्या निम्म्या चुका टाळायच्या तर हा समज आधी सोडावा लागतो. दाखला फक्त किती पैसे कधी भरले एवढेच सांगतो. त्यातले वजावटीला किती पात्र ठरतात हे कायदा ठरवतो, आणि ते गणित दाखल्यावर छापलेले नसते.

त्याआधी एक प्रश्न निकालात काढावा लागतो. प्राप्तिकराच्या दोन प्रणाली सध्या चालू आहेत. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात आयुर्विम्याच्या हप्त्यावरची कलम ८०सीची किंवा आरोग्यविम्यावरची ८०डीची वजावट मिळत नाही. २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरता ही मर्यादा पगाराच्या १२ लाख ७५ हजारांपर्यंत जाते. एवढ्या पगारात ज्याचे भागते त्याला हप्त्यावरच्या करसवलतीचा काही उपयोग उरत नाही. त्याला केवळ कर वाचवण्यासाठी मार्चमध्ये नवी पॉलिसी सुचवणे हा सल्ला नव्हे, निव्वळ विक्री आहे. जुनी प्रणाली फायद्याची ठरते ती मुख्यतः घरभाडे भत्ता, गृहकर्जाचे व्याज आणि इतर वजावटी मिळून मोठी रक्कम होते तेव्हा. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला ही निवड दरवर्षी विवरणपत्र भरताना करता येते, मात्र ते मुदतीत भरलेले हवे.

समजा, पुण्यातल्या एका खासगी कंपनीत काम करणारी अधिकारी अशा स्थितीत आहे. ती पुण्यात भाड्याने राहते, साताऱ्यातल्या घराचे कर्ज फेडते, आणि सगळा हिशेब मांडल्यावर तिला जुनी प्रणाली स्वस्त पडते. तिचे करपात्र उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे. वर्षात तिने तीन आयुर्विमा पॉलिसींवर पैसे भरायचे होते. पहिली २००९ साली काढलेली, सहामाही हप्ता ८,००० रुपये. दुसरी डिसेंबर २०२५ मध्ये घेतलेली, एकरकमी १,००,००० रुपयांची. तिसरी मुलाच्या नावाची, वार्षिक १५,००० रुपयांची, हप्त्याची तारीख २० मार्च.

पहिल्या पॉलिसीच्या दाखल्यावर ऑगस्टचा हप्ता ८,१८० आणि फेब्रुवारीचा ८,००० दिसतो. ग्राहकाला ही छपाईची चूक वाटू शकते. कारण साधे आहे : अशा पॉलिसीच्या दुसऱ्या वर्षापासूनच्या हप्त्यावर सव्वादोन टक्के जीएसटी लागत असे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा जीएसटीमुक्त झाले. ऑगस्टच्या हप्त्यात १८० रुपये कर होता, फेब्रुवारीत नव्हता. करासह प्रत्यक्ष भरलेली रक्कम वजावटीसाठी धरण्याचा प्रघात असल्याने या पॉलिसीचे १६,१८० रुपये मोजले जातात. हप्ता उशिरा भरल्यामुळे लागलेले व्याज मात्र हप्ता नसते. ते दाखल्यात वेगळे दाखवले असेल तर बाजूला काढावे.

दुसऱ्या पॉलिसीपाशी खरी गफलत होते. दाखल्यावर १,००,००० रुपये स्वच्छ छापलेले असतात. पण १ एप्रिल २०१२ पासून दिलेल्या पॉलिसींवर, विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंतच हप्ता वजावटीला धरता येतो. (एप्रिल २००३ ते मार्च २०१२ या काळातल्या पॉलिसींना ही मर्यादा २० टक्के आहे, म्हणून २००९ची पॉलिसी सहज बसते.) विमा रक्कम म्हणजे मुदतीत कधीही मृत्यू झाल्यास मिळण्याची किमान हमी, बोनस त्यात धरायचा नाही. एकरकमी पॉलिसींत ही हमी बऱ्याचदा हप्त्याच्या सव्वापट असते. येथे ती १,२५,००० आहे असे धरले तर तिचे १० टक्के म्हणजे १२,५०० रुपये. एक लाखापैकी वजावटीला पात्र तेवढेच. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत विमा रक्कम सहसा हप्त्याच्या दहापट किंवा अधिक असल्याने हा प्रश्न क्वचित उद्भवतो, पण जास्त वयात काढलेल्या काही पॉलिसींत हमी दहापटीपेक्षा कमी असते. दाखल्यावर विमा रक्कम छापलेली नसेल तर मूळ पॉलिसीपत्र काढून पाहण्यावाचून इलाज नाही.

तिसऱ्या पॉलिसीचा हप्ता २० मार्चला देय होता. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची वाढीव मुदत असते, म्हणून तिने तो ४ एप्रिल २०२६ रोजी भरला. पॉलिसी चालू राहिली, विम्याचे संरक्षण तसूभरही कमी झाले नाही. परंतु वजावट हप्ता कधी देय होता यावर नव्हे, प्रत्यक्ष कधी भरला यावर ठरते. ते १५,००० रुपये २०२५-२६ मधून निघून २०२६-२७ मध्ये गेले. त्या वर्षापासून प्राप्तिकर कायदा १९६१ ऐवजी प्राप्तिकर कायदा २०२५ लागू आहे आणि ८०सीची जागा कलम १२३ ने घेतली आहे. वजावटीची १,५०,००० ची मर्यादा तीच आहे. वाढीव मुदत विमा वाचवते, करवर्ष वाचवत नाही. प्रतिनिधीच्या चिठ्ठीत मार्चमधल्या देय तारखा ठळक लिहिलेल्या असाव्यात त्या एवढ्याचसाठी.

आता बेरीज. तिचे भविष्य निर्वाह निधीतले योगदान २१,६०० आणि गृहकर्जाच्या मुद्दलाची फेड ६२,००० हेही ८०सीतच येतात, मिळून ८३,६००. त्यात १६,१८० आणि १२,५०० मिळवले की १,१२,२८० होतात. दाखल्यांवरच्या आकड्यांची सरळ बेरीज केली असती तर १,९९,७८० आले असते आणि तिने पूर्ण १,५०,००० ची वजावट मागितली असती. ३७,७२० रुपये जास्त. त्यावर २० टक्के कर आणि ४ टक्के उपकर धरता सुमारे ७,८४६ रुपये कमी कर भरला गेला असता, आणि पुढे कधी तपासणीत हे निघाले तर व्याज व दंड वेगळा. उलट मुलाचा हप्ता ३१ मार्चपूर्वी भरला असता तर १५,००० साठी जागा रिकामीच होती. उशिरामुळे त्या वर्षी ३,१२० रुपयांची करबचत हुकली.

कोणाच्या पॉलिसीचा हप्ता चालतो हेही दाखला सांगत नाही. ८०सीत स्वतः, पती किंवा पत्नी आणि अपत्ये येतात. अपत्य कमावते असो वा विवाहित. आईवडिलांच्या आयुर्विम्याचा हप्ता मुलीने भरला तरी तिला ही वजावट नाही. आरोग्यविम्यात नेमके उलट आहे : ८०डीमध्ये आईवडील येतात, ते अवलंबून नसले तरी. पण सासूसासरे येत नाहीत. सुनेने त्यांच्या आरोग्यविम्याचे पैसे भरले तर ती वजावट तिला मिळणार नाही. तो हप्ता मुलाच्या, म्हणजे तिच्या पतीच्या खात्यातून गेला तर त्याला ती मागता येते. एकत्र राहणाऱ्या कुटुंबांत हप्ता कोणाच्या खात्यातून जातो हे सोयीने ठरते. वर्षाच्या सुरुवातीलाच ते विचारपूर्वक ठरवणे बरे.

या उदाहरणातल्या अधिकाऱ्याने कुटुंबाच्या फ्लोटर पॉलिसीचे ऑगस्टमध्ये १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून २१,२४० भरले, तर ७१ वर्षांच्या आईच्या पॉलिसीचे ऑक्टोबरमध्ये ३८,०००, जीएसटीशिवाय. स्वतःच्या कुटुंबासाठी मर्यादा २५,०००, ज्येष्ठ नागरिक पालकांसाठी ५०,०००. दोन्ही रकमा आत बसतात आणि ५९,२४० ची पूर्ण वजावट मिळते. आरोग्यविम्याचा हप्ता रोख भरलेला मात्र चालत नाही. प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० पर्यंतचे पैसे तेवढे रोख दिलेले चालतात, तेही वरच्या मर्यादेतच. पॉलिसी दोन वर्षांची एकदम घेतली असेल तर दाखल्यावरची रक्कम दोन वर्षांत समान वाटून धरायची. आयुर्विम्याला जोडलेल्या गंभीर आजाराच्या रायडरचा हप्ताही ८०सीत नव्हे, ८०डीत जातो, म्हणून चांगला दाखला त्याचा आकडा वेगळा देतो.

दाखला हाती आला की काही गोष्टी लगेच पाहाव्यात. नाव आणि पॅन बरोबर आहे का, भरल्याच्या सर्व तारखा १ एप्रिल ते ३१ मार्च या काळातल्या आहेत का, सगळे हप्ते आले आहेत का. कंपन्या नोकरदारांकडून पुरावे बहुधा जानेवारी-फेब्रुवारीतच मागतात, तेव्हा फेब्रुवारीचा हप्ता दाखल्यात नसतो. तो सुटला म्हणून वजावट बुडत नाही. कंपनीने जास्त कर कापला असेल तरी विवरणपत्रात ती मागता येते. विवरणपत्राच्या अर्जात आता ८०सी व ८०डीसाठी पॉलिसी क्रमांकही भरावा लागतो, त्यामुळे नुसता आकडा टाकून काम भागत नाही.

दाखले किती काळ ठेवायचे, याचे उत्तर पॉलिसीगणिक बदलते. २०२५-२६ चे मूल्यांकन वर्ष मार्च २०२७ मध्ये संपते. सर्वसाधारण प्रकरणात जुने विवरणपत्र पुन्हा उघडण्याची नोटीस त्यानंतर तीन वर्षे तीन महिन्यांपर्यंत, म्हणजे जून २०३० अखेर येऊ शकते. तोवर सर्व दाखले हाताशी हवेत. एकरकमी पॉलिसीचा दाखला मात्र मुदतपूर्तीपर्यंत जपावा लागतो. हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त असल्याने तिची मुदतपूर्तीची रक्कम कलम १०(१०डी)खाली करमुक्त नाही. मृत्यूनंतर वारसांना मिळणारी रक्कम तेवढी करमुक्त राहते. मुदतपूर्तीला मिळणारी रक्कम एक लाख किंवा अधिक असेल तर कंपनी भरलेले हप्ते वजा करून उरलेल्या उत्पन्नावर २ टक्के टीडीएस कापते. त्या वेळी किती हप्ता भरला हे सिद्ध करणारा कागद हाच. आणि डिसेंबर २०२७ पूर्वी तिने ती पॉलिसी मोडली, तर आता घेतलेली १२,५०० ची वजावट त्या वर्षीच्या उत्पन्नात परत धरली जाते.

म्हणूनच सगळे दाखले एकाच पाकिटात वर्षवार न ठेवता, प्रत्येक पॉलिसीच्या मूळ कागदपत्राला जोडून ठेवणे अधिक सोयीचे. विमा रक्कम, सुरू झाल्याची तारीख आणि हप्त्यांचा इतिहास हे तिन्ही एका ठिकाणी असले की दहा टक्क्यांचे गणित कोणत्याही वर्षी करता येते.