शंखाचा पीळ आणि उन्हाळ्याची झोप

आफ्रिकन राक्षसी गोगलगाय, म्हणजे शेतकऱ्यांची शंखी गोगलगाय, अंड्यातून बाहेर पडते तीच इवलासा शंख पाठीवर घेऊन. पुढे तिला नवा शंख मिळत नाही. जुनाच वाढत जातो, म्हणून मोठ्या शंखाच्या टोकाला तिचा बालपणीचा शंख तसाच शाबूत असतो.

शंखाची वाढ फक्त तोंडाशी होते. गोगलगायीच्या अंगावर प्रावार नावाची मऊ त्वचा असते. तिची कड आधी प्रथिनाचा पातळ पापुद्रा सोडते आणि मग त्याखाली चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, थर बसतात. तोंडाच्या सगळ्या कडेला सारखीच भर पडली असती, तर शंख सरळ नळकांड्यासारखा झाला असता. पण बाहेरच्या बाजूला भर जास्त आणि आतल्या बाजूला कमी पडते, त्यामुळे नळी वाकते. ती वाकता वाकता आसाच्या दिशेनेही थोडी सरकते, म्हणून वेढे एकाच पातळीत न राहता जिन्यासारखे उतरतात. नळी रुंदावण्याचा आणि वळण्याचा हिशेब साधारण कायम राहतो. म्हणून आकार वाढला तरी घडण फारशी बदलत नाही. १८३८ मध्ये हेन्री मोझली या इंग्रज गणितज्ञाने शंखांच्या या वळणाची गणिती मांडणी केली. पीळ पाडायला वेगळा आराखडा लागत नाही. दोन कडांच्या वाढीतला फरक पुरतो.

वाढ थांबली की तिथे कडेला समांतर रेघ उमटते. शंख हातात घेऊन पाहिला तर अशा रेघा सहज दिसतात. कोरडा काळ हे वाढ थांबण्याचे एक मोठे कारण.

गोगलगायीच्या ओल्या त्वचेतून पाणी सतत उडून जाते. ऊन तापू लागले की ती पालापाचोळ्याखाली, दगडाआड किंवा मातीत शिरते, अंग शंखात ओढून घेते आणि तोंडावर चिकट स्राव पसरते. तो वाळून पडदा तयार होतो. पाणी अडते, तरी श्वासापुरती हवा मिळते. हृदयाचे ठोके मंदावतात, अन्नाची गरज नाममात्र उरते आणि ती साठवलेल्या अन्नावर तग धरते. ही ग्रीष्मनिद्रा. ती किती लांबू शकते हे इजिप्तच्या एका वाळवंटी गोगलगायीने दाखवले. मेलेली समजून मार्च १८४६ मध्ये तिला ब्रिटिश म्युझियममध्ये पुठ्ठ्यावर चिकटवले होते. १८५० मध्ये शंखाच्या तोंडाशी ताजा पडदा दिसला, कोमट पाण्यात ठेवताच ती हलू लागली. शंखी गोगलगायीला एवढा पल्ला गाठावा लागत नाही. तिला काही महिने काढले की पुरते.

पहिल्या पावसाने ओल आली की पडदा सुटतो आणि ती भुकेली बाहेर पडते. नेमके तेव्हाच सोयाबीनचे कोवळे रोप वर आलेले असते, आणि २०२२ मध्ये मराठवाड्यात त्याचा मोठा फटका बसला. ती रात्री खाते, म्हणून संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधाजवळ टाकावीत आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचून नष्ट कराव्यात.