वेळूच्या गावाचे संगीत

मी उमरीस अध्यापक असताना सातवीच्या मुलांना एकदा निबंधासाठी विषय दिला होता : 'माझ्या कल्पनेतील देश'. एका मुलाने मोठा रम्य देश रचला. तेथील लोक एका अफाट सरोवरात, वेळूच्या तराफ्यांवर राहत. त्यांच्याकडे गुरे नव्हती, शेळ्यामेंढ्या नव्हत्या, लोखंड तर त्यांनी पाहिलेही नव्हते. मासे, कमळकंद आणि तराफ्यांवर लावलेल्या भोपळ्याच्या वेलांची फळे यांवर त्यांचा निर्वाह चाले. निबंधाच्या अखेरीस नायकाचे लग्न होते, आणि त्या लग्नात ढोल, ताशे व सतारी वाजत होत्या.

मी त्या मुलास विचारले, "बाळ, ढोलाला कातडे कोठून आणलेस? सतारीची तार कोणी ओढली?" तो गोंधळला. वर्गातील मुले हसली. परंतु चूक त्याच्या एकट्याची नव्हती. कल्पनेतील देशाचे डोंगर, नद्या, राजवाडे आपण विचारपूर्वक रचतो आणि संगीत मात्र शेजारच्या मांडवातून उचलून आणतो. त्या दिवशी आम्ही सर्वांनी मिळून त्या सरोवरवासी लोकांचे संगीत नव्याने रचावयाचे ठरविले.

आरंभ आम्ही आपल्या हलगीपासून केला. हलगी म्हणजे एक कडे व त्यावर ताणून बसविलेले कातडे. कातडे दमट हवेत सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून वाजविण्यापूर्वी हलगी विस्तवावर शेकतात. ऊब लागली की कातडे ताणले जाते आणि नाद खणखणीत होतो. आता पाहा, या एका गोष्टीतून किती रीती जन्म घेतात! वाजवणाऱ्यांना शेकोटी लागते. तिच्याभोवती माणसे जमतात. मिरवणूक लांबली की मध्येच थांबून पुन्हा शेकावे लागते. या रीती कोणी हुकूम देऊन ठरविल्या नाहीत. कातड्याच्या गुणधर्मानेच त्या घडविल्या. यावरून आम्ही पहिला नियम बांधला : आधी पदार्थ, मग वाद्य आणि वाद्यातून रीत.

सरोवरवासीयांजवळ होते काय? पाणी, भोपळे आणि वेळू. भोपळा वाळवून दोन भाग केला आणि एक भाग मोठ्या पात्रातील पाण्यावर पालथा तरंगत ठेवला, तर त्यात हवा कोंडून राहते. त्यावर काठीने आघात केला की खोल, घुमणारा नाद निघतो. ही केवळ कल्पना नव्हे. मेक्सिको देशातील याकी लोक आपल्या हरणाच्या नृत्यात असाच पाण्यावर तरंगणारा भोपळा वाजवितात. अशा रीतीने कातड्यावाचूनही तालवाद्य सिद्ध झाले.

स्वरांसाठी वेळू होताच. वेळूची एक बाजू पेऱ्याने बंद असू द्यावी आणि दुसऱ्या उघड्या तोंडाच्या कडेवरून फुंकर घालावी. नळीतील हवा कंप पावून स्वर निघतो. नळी लांब असेल तर स्वर खालचा, आखूड असेल तर वरचा. चाळीस सेंटिमीटर पोकळीच्या नळीतून निघणारा स्वर षड्ज मानला, तर बत्तीस सेंटिमीटरची नळी गंधार, सुमारे सत्तावीसची पंचम आणि वीसची वरचा षड्ज देते. प्रत्यक्षात नळीच्या रुंदीमुळे या मापांत थोडा फरक पडतो. म्हणून कारागीर नळी प्रथम किंचित लांबच ठेवतो आणि कानाने ऐकत ऐकत कापत जातो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा : नळी कापून आखूड करता येते; कापलेली नळी पुन्हा लांब करता येत नाही.

वाद्ये झाली, पण ती केव्हा, कोणी आणि कोणत्या क्रमाने वाजवावीत? येथे आम्हांस घरच्या गोंधळाचा उपयोग झाला. आपल्याकडे अनेक घरी लग्नानंतर गोंधळ घालतात. दिवटी पेटते, संबळ व तुणतुणे वाजू लागते. गोंधळी प्रथम माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी अशा देवतांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणांसह नावाने बोलावतात. मग आख्यान सांगतात आणि शेवटी आरती होते. वाजविणारे ठरलेले, वेळ ठरलेली, क्रमही ठरलेला. एवढे असले म्हणजे गाण्याची परंपरा होते.

मग मुलांनी सरोवरवासीयांच्या रीती रचल्या. मूल जन्मले की घरातील वडील माणसाने एक नवा वेळू तोडावा आणि त्याची नळी करावी. ज्या मापाची ती निघेल, तो त्या मुलाचा स्वर. कुटुंबातील प्रत्येकाचा एकेक स्वर आणि सर्वांनी आपापल्या पाळीने फुंकर घालून वाजवावयाची ती त्या घराची धून.

लग्नात वधू आणि वर यांनी आपल्या नळ्या एकत्र वाजवाव्यात आणि दोघांचा स्वर एक व्हावा, अशी रीत निघाली. पण दोन नळ्या सारख्या कशा असणार? ज्याने निबंध लिहिला होता, तो मुलगा म्हणाला, "वधूची नळी कापावी."

मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "गुरुजी, तिची नळी आधीच आखूड असेल तर? कापून ती आणखी आखूड होईल. मग स्वर जुळणार कसा?"

वर्ग स्तब्ध झाला. तिचे म्हणणे अगदी खरे होते. कापल्याने स्वर वरच चढतो. म्हणून ज्याचा स्वर खालचा, त्याचीच नळी कापली पाहिजे, मग तो वर असो वा वधू. वेळूला स्त्री-पुरुष असा भेद ठाऊक नसतो. ज्याची नळी कापली गेली त्याने आपला जन्मस्वर कायमचा सोडला. तेव्हा नव्या घराची धून आरंभण्याचा मान त्याला द्यावा, असे त्या मुलीनेच सुचविले आणि ते सर्वांनी मान्य केले.

शेवटी प्रश्न आला मृत्यूचा. कोणी म्हणाले, भोपळे जोराने वाजवावेत; कोणी म्हणाले, शोकगीत असावे. निबंध लिहिणारा तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, "गेलेल्या माणसाची नळी पाण्यात सोडावी. तीत पाणी भरले की ती वाजणार नाही. आणि घरच्यांनी धून वाजवताना त्या स्वराच्या जागी थांबावे." त्याचे आजोबा त्याच वर्षी वारले होते, हे मला मागाहून कळले.

यानंतर आम्ही त्याचा पहिला निबंध पुन्हा वाचला आणि एक कसोटी लावून पाहिली : कथेतील वाद्य काढून टाकले तर काय बिघडते? ढोल आणि सतारी वगळल्या तरी लग्न जसेच्या तसे राहत होते. म्हणजे ती वाद्ये नुसती शोभेची होती. वेळूची नळी काढून घेतली असती, तर मात्र मुलाला स्वर मिळाला नसता, लग्न लागले नसते आणि धुनेतील ती रिकामी जागाही कोणास ऐकू आली नसती.